आधी मोजा, मग भरा : टायरवरचं चार मिनिटांचं भाषण

प्रश्न : मी साताऱ्यात नववीत आहे. शाळेच्या रस्ता सुरक्षा क्लबकडून पुढच्या सोमवारी मला परिपाठात चार मिनिटं बोलायचंय. विषय 'दर महिन्याला टायरची हवा आणि नक्षी तपासा'. मोबाइलवर सापडलेलं भाषण पाठ केलं, पण मॅडम म्हणाल्या की हे कुणी ऐकणार नाही. मला गाडी चालवता येत नाही, घरी बाबांची स्कूटर आहे. नेमकं काय बोलू?

उत्तर :

साताऱ्यात हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम सुरू झाले की शिक्षक आरएसपीच्या मुलांना घेऊन दुकानात येतात, कधी मीच शाळेत जातो. मुलं कुठे कान देतात आणि कुठे चुळबूळ करतात, हे त्यातून चांगलं कळलंय. तू पाठ केलेल्या भाषणात 'हवा योग्य प्रमाणात ठेवावी' आणि 'झिजलेला टायर वेळीच बदलावा' ही वाक्यं नक्की असतील. ती खरीच आहेत. पण योग्य म्हणजे किती, आणि झिजलाय हे ठरवायचं कशावरून, हे त्यात नसतं. त्यामुळे ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर करता येईल असं काही हाताला लागत नाही. मॅडमचा आक्षेप बहुतेक तोच असावा.

तुला गाडी चालवता येत नाही, ही अडचण समजू नकोस. मैदानात उभ्या असलेल्या कुणालाच लायसन्स नाही. ती सगळी मागच्या सीटवर बसणारी मुलं आहेत, आणि मागच्या टायरमध्ये किती हवा हवी हे मागे कोणी बसणार आहे की नाही त्यावरच ठरतं. म्हणून भाषण त्यांच्याशीच कर. 'वाहनचालकांनी अमुक करावं' ही भाषा वापरलीस की प्रत्येक जण मनात म्हणतो, हे बाबांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

माझ्या मते चार मिनिटांत एकच गोष्ट मागावीस. महिन्यातून एकदा, हवा भरायच्या आधी, टायरमध्ये किती आहे तो आकडा वाचा आणि लिहून ठेवा. आपल्याकडे हवा भरतात सगळेच, मोजत फारसं कुणी नाही. गाडी पंपावर जाते, पोरगा विचारतो किती भरू, उत्तर ठरलेलं असतं, 'पुढं पंचवीस, मागं पस्तीस.' मशिन चालतं, पाइप निघतो, गाडी जाते. आधी किती होती, हे कुणीच पाहिलेलं नसतं. खरं तर टायरबद्दलची सगळी माहिती त्या भरण्याआधीच्या आकड्यात असते. भरली की ती पुसली जाते.

त्यासाठी सोमवारच्या आधी, रविवारी सकाळी, तू स्वतः एकदा मोजून बघ. आदल्या रात्रीपासून उभी असलेली स्कूटर सपाट जागी मेन स्टँडवर लाव, बाबांना शेजारी उभं कर. आधी किती हवा भरायची ते लिहिलेला स्टिकर शोध. दुचाकीवर तो मागच्या बाजूला, चेन कव्हरवर किंवा सीटखाली असतो. सापडला नाही तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात तक्ता असतोच. ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरवर साधारण असं लिहिलेलं दिसतं : पुढे २२, मागे एकट्यासाठी २९, दोघांसाठी ३६. हे आकडे पीएसआयमध्ये असतात. तुमच्या स्टिकरवर वेगळे असतील तर तेच खरे, माझे सोडून दे. काही स्टिकरांवर केपीए हे एकक असतं, तिथे २०० म्हणजे २९ पीएसआय.

मग व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेव, खाली ठेवलीस की हरवते. हवा मोजायचं गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबायचं. फुस्स आवाज येत राहिला तर ते तिरकं बसलंय आणि हवा बाहेर जातेय. उचलून पुन्हा एका झटक्यात दाब. नीट बसलं की आवाज बंद होतो आणि काटा थांबतो. दोनदा मोज. दोन्ही वेळा सारखंच आलं तर तो आकडा धर. स्कूटरच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या बाजूने गाठावा लागतो, हात आत घालावा लागतो. गाडी चालवून आल्यावर तिथे हात भाजतो. सकाळी मोजायचं हे एक कारण.

दुसरं कारण टायरच्या आतलं. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवा तापते, आणि आकडा दोन-चार पीएसआयने चढतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली किंवा एक-दोन किलोमीटरच चाललेली. कोरेगावहून दुपारी साताऱ्यात आलेली गाडी थांबवून मोजली तर हवा पुरेशी किंवा जास्तच दिसते, आणि कुणीतरी ती सोडून देतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेवर उभा असतो. तापलेल्या टायरची हवा कधी सोडायची नाही.

घरात गेज नसेल तर टायरच्या किंवा ऑटोमोबाइलच्या दुकानात साधं काट्याचं गेज मिळतं. तेही नको असेल तर घराजवळच्या पेट्रोल पंपावर सकाळी जा. तिथे हवा मोफत असते, आणि आकडे दाखवणारं मशिन असेल तर पाइप जोडल्याबरोबर ते आधी आतली हवा दाखवतं. 'काका, भरायच्या आधी किती आहे ते जरा बघू द्या,' एवढंच म्हणायचं. गेज महाग की स्वस्त, याने फार बिघडत नाही. दर महिन्याला तेच गेज वापरलं पाहिजे, नाहीतर फरक टायरचा की गेजचा ते कळत नाही.

आता लिहिलेल्या आकड्याचा उपयोग काय, ते एका खऱ्या उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या एका शाळेच्या क्लबमधल्या मुलीने घरच्या स्कूटरचे आकडे कॅलेंडरवर लिहायला घेतले होते. घरात सकाळी तिला शाळेत सोडायला वडील जायचे, म्हणून मागचा टायर दोघांच्या हिशोबाने भरलेला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुढे २२ आणि मागे ३६ करून घेतली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, भरायच्या आधी, पुढे २० निघाली आणि मागे २७.

पुढच्या चाकाचे दोन पीएसआय कुठे गेले? कुठेच विशेष नाही. रबरातून हवा कणाकणाने झिरपतेच, चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय जातो. शिवाय थंडी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी दिसतो, आणि साताऱ्यात नोव्हेंबर ते डिसेंबर सकाळचा पारा उतरतोच. म्हणजे पुढचा टायर निरोगी. पण हवामान दोन्ही चाकांना सारखंच, आणि मागच्या चाकाचे नऊ गेलेले. झिरपणं आणि थंडी मिळून मागे तीनेक धरू. उरलेले सहा कुठून तरी बाहेर गेलेत.

त्या मुलीचे वडील गाडी घेऊन आले तेव्हा टायर डोळ्यांना अगदी ठीक दिसत होता. अंगठ्याने दाबून पाहिला तरी कडक. हीच फसगत आहे. ट्यूबलेस टायरच्या कडा इतक्या ताठ असतात की २७ आणि ३६ मधला फरक अंगठ्याला लागत नाही. हाताला मऊ लागेपर्यंत हवा खूपच खाली गेलेली असते. आम्ही आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडा नाही. व्हॉल्व्हच्या बुडाचं रबर वाकवून पाहिलं, तिथे चीर नाही. मग चाक हळूहळू फिरवत नक्षीवर पाणी सोडलं, तर एका खाचेत मोहरीएवढा बुडबुडा फुगत होता. पक्कडने ओढल्यावर नखाएवढी पोलादी तार निघाली. हायवेवर ट्रकचे टायर फाटून पडतात, त्यातल्या या तारा. त्या इतक्या बारीक असतात की पंक्चर झाल्याचं कळतच नाही, टायर बसत नाही, महिनाभर हवा जात राहते. रबरी दोरी घालून पंक्चर काढलं, ३६ भरली, पुढच्या महिन्यात ३४ निघाली.

वडील दर पंधरा दिवसांनी पेट्रोलबरोबर हवाही भरून घेत राहिले असते तर ही तार बरेच महिने तशीच राहिली असती. हे उदाहरण तू भाषणात खुशाल वापर. मात्र तुझ्या रविवारच्या आकड्यांना त्यात पहिला मान दे, मग ते कितीही साधे निघोत. हवा बरोब्बर निघाली तरी तसंच सांग. बनवून सांगितलेला आकडा पाठीमागे उभ्या असलेल्या मित्राला लगेच कळतो.

कमी हवेने होतं काय, हे एक-दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. गाडीचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा जमिनीवर येताना जास्त वाकतात आणि वर जाताना सरळ होतात. स्कूटरचं दहा इंची चाक एका किलोमीटरला सातशेहून जास्त फेऱ्या मारतं, म्हणजे तितक्यांदा वाकणं आणि सरळ होणं. त्यातून उष्णता तयार होते. रबर आणि आतल्या धाग्यांचे थर तापून एकमेकांपासून सुटायला लागतात. उन्हाळ्यात, वजन भरून, वेगात चाललेल्या गाडीचा टायर फुटतो तेव्हा लोक म्हणतात जास्त हवेने फुटला. माझ्या दुकानात येणाऱ्या फुटलेल्या टायरांच्या कडा आतून काळ्या भुकटीने भरलेल्या असतात. ती कमी हवेवर वाकून वाकून खरवडलेल्या रबराची भुकटी. जास्त हवाही वाईटच : टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, पकड कमी होते, खड्डा जोरात बसतो. पण घरगुती गाड्यांत मला बहुतेक वेळा कमीच सापडते.

नक्षीचं काय? इथे खरं बोलावं लागेल, कारण मैदानात कुणाचा तरी मोठा भाऊ बाइकवेडा असणारच. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरही चांगला धरतो. नक्षीच्या खाचा असतात पाणी बाजूला काढायला. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढताना किंवा कासहून उतरताना रस्त्यावर पाण्याचा थर असतो. टायरने ते पाणी खाचांतून बाहेर फेकलं तरच रबर डांबराला लागतं. खाच उथळ झाली की पाण्याला जायला जागा उरत नाही, चाक पाण्यावर चढतं, आणि त्या क्षणी ब्रेकही चालत नाही नि हँडलही. म्हणून 'झिजलेला टायर घसरतो' असं मोघम म्हणण्यापेक्षा 'झिजलेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो' असं म्हण. ते खरं आहे आणि पटतंही. कोरड्यातही झिजलेल्या टायरचा तोटा आहेच. रबर पातळ झालेलं असतं, त्यामुळे पंक्चर वाढतात.

झीज मोजायला कुठलंही साधन लागत नाही, कारण टायर बनवणाऱ्यानेच खूण करून ठेवलेली असते. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून कड सुरू होते तिथे, बारीक त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही इंग्रजी अक्षरं शोधायची. तिथून सरळ नक्षीकडे बोट नेलं की खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी लागते. नव्या टायरमध्ये ती खोल दडलेली असते. नक्षी झिजत झिजत तिच्या बरोबरीला आली, बोट फिरवल्यावर खाच आणि पट्टी वेगळी लागेनाशी झाली, की टायर संपला. कारमध्ये ही पट्टी १.६ मिलिमीटर उंचीची असते, दुचाकीत ०.८. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही नक्षीची किमान खोली तेवढीच धरली आहे. नव्या कारटायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज येईल. पण कायद्याची मर्यादा म्हणजे अगदी शेवटची रेघ. जूनच्या तोंडावर कारची खाच तीनच्या आसपास आली असेल तर मी गिऱ्हाइकाला पावसाआधीच टायर बदलायला सांगतो. वर्षभर गाडी सातारा शहरातच फिरणार असेल आणि पावसात बाहेर काढणार नसतील, तर थांबायला हरकत नसते. हे गाडी कुठे फिरते त्यावर ठरतं.

एक जागा बघून थांबायचं नाही. मध्यभाग आणि दोन्ही कडा बघायच्या. कारमध्ये दोन्ही कडा झिजलेल्या आणि मध्य शाबूत असेल तर ती गाडी बराच काळ कमी हवेवर चाललीय. मध्यच झिजला असेल तर जास्त हवेवर. एकच कड झिजली असेल तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करून घ्यायला हवी. स्कूटरला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नकोस. दुचाकी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे तिचा मध्यभाग आधी झिजणारच. त्यावरून हवा जास्त होती असं म्हणता येत नाही. इंटरनेटवरच्या भाषणांत हा फरक कुणी सांगत नाही.

आता भाषण. मी एक नमुना देतो. तो पाठ करू नकोस, रविवारचे तुझे आकडे त्यात घाल आणि तुझ्या तोंडात बसेल तसं बदल.

"आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षक आणि मित्रमैत्रिणींनो. आज सकाळी जे जे कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून शाळेत आले, त्यांनी हात वर करा. (थांब. हात वर येऊ देत.) मीही बाबांच्या स्कूटरवर मागे बसून आले. आपण मागे बसलो की मागच्या टायरवरचं वजन वाढतं. आमच्या स्कूटरच्या स्टिकरवर लिहिलंय, एकटे असाल तर मागे २९, दोघे असाल तर ३६. म्हणजे ३६ हा आकडा माझा आहे. तुमच्या घरच्या गाडीवर तुमचा आकडा काय, तो आज संध्याकाळी शोधा.

काल सकाळी मी आणि बाबांनी मोजलं. मागे ३६ हवी होती, निघाली... (इथे तुझा आकडा). टायर बघून काहीच कळत नव्हतं. मी अंगठ्याने दाबलं, कडक लागला. हे गेज लावलं तेव्हा कळलं. (गेज वर धरून दाखव.)

चांगल्या टायरमधूनही दर महिन्याला थोडी हवा जाते. थंडीत अजून कमी होते. हवा कमी झाली की टायर प्रत्येक फेरीला जास्त वाकतो, वाकून वाकून तापतो, आणि तापलेला टायर फुटू शकतो.

म्हणून माझं एकच मागणं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, हवा मोजा. भरायच्या आधी मोजा. जो आकडा येईल तो घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. मग स्टिकरवर आहे तेवढी भरून घ्या. पुढच्या महिन्यात एक चाक दुसऱ्यापेक्षा फार उतरलेलं दिसलं, तर कुठेतरी बारीक पंक्चर आहे. दुकानात दाखवा.

आणि हवा मोजताना टायरकडे एकदा खाली वाकून बघा. कडेला छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी, रबराची आडवी पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली असेल, तर तो टायर पावसाचं पाणी बाजूला काढू शकत नाही. पावसात घाटात चाक पाण्यावर चढतं आणि ब्रेक लागत नाही. ते घरी सांगा.

हवा भरायचं मशिन आपण स्वतः चालवायचं नाही, ते मोठ्यांना करू द्या. मोजायचं, वाचायचं आणि लिहायचं काम आपलं. पुढच्या महिन्यात तुमचे आकडे घेऊन या, क्लबच्या फलकावर आपण ते लावू. धन्यवाद."

घाई केली नाहीस, हात वर करायला आणि गेज दाखवायला वेळ दिलास, तर हे चार मिनिटांत आरामात बसतं. यात आकडे मुद्दाम मोजकेच ठेवलेत : २९, ३६ आणि तुझा स्वतःचा. १.६ आणि ०.८ भाषणात घालू नकोस, उभ्या रांगेत ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. कुणी विचारलं तर सांग. तसंच 'इतके टक्के अपघात टायरमुळे होतात' असली वाक्यं काढून टाक. प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा सापडतो आणि तो कुठून आला हे तुला सांगता येणार नाही.

पाचवी-सहावीची मुलं जास्त असतील तर स्कूटरऐवजी सायकल घे. सायकलच्या टायरच्या कडेवरही किती हवा भरायची ते छापलेलं असतं. कारच्या टायरबाबत मात्र उलट सांगावं लागतं : कडेवर छापलेला मोठा आकडा तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल याचा असतो, भरायचा आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी, खांबावरच्या स्टिकरवर असतो. ही गल्लत मोठी माणसंही करतात. कार असलेल्या मुलांना स्टेपनीही मोजायला सांग. ती डिकीत सगळ्यांच्या विस्मरणात पडलेली असते आणि नेमकी लागते तेव्हा बसलेली निघते.

भाषण झाल्यावर दोन प्रश्न नक्की येतील. पहिला : 'आमच्या गाडीत नायट्रोजन आहे, मग कशाला मोजायचं?' साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. निव्वळ नायट्रोजन थोडा हळू झिरपतो, हे खरं. पण तो खिळ्याच्या भोकातून साध्या हवेसारखाच जातो, आणि थंडीत त्याचाही दाब उतरतो. मोजायचं टळत नाही.

दुसरा : 'आजोबांच्या गाडीची नक्षी नवी दिसते, मग ठीक ना?' टायर उभ्या उभ्याही म्हातारा होतो. कडेवर लंबगोल चौकटीत चार अंक असतात. २३१९ असतील तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. टायर किती वर्षांनी बाद धरायचा, हे तो उन्हात उभा असतो की सावलीत, त्यावर बरंच ठरतं, म्हणून मी सरसकट वर्षं सांगत नाही. खाचांच्या तळाशी किंवा कडेवर बारीक भेगांचं जाळं दिसायला लागलं, की नक्षी कितीही खोल असली तरी तो टायर दुकानात दाखवायचा.

शेवटी शाळेच्या व्हॅनबद्दल. तुझं ऐकून एखादा मुलगा व्हॅनच्या काकांना सगळ्यांसमोर 'तुमचा टायर गोटा झालाय' म्हणेल. तसं करू नका म्हणून आधीच सांग. व्हॅनमध्ये मुलं आणि दप्तरं भरलेली असतात, तिची मागची हवा सगळ्यात जास्त वेळा मोजली गेली पाहिजे, पण ते सांगण्याचं काम मोठ्यांचं आहे. मुलांनी काय दिसलं ते क्लबच्या मॅडमना सांगावं, मॅडम पालकांच्या आणि व्हॅनवाल्यांच्या बैठकीत बोलतील. बैठकीत मोजून दाखवायचं ठरलं तर मॅडमना कळवायला सांग, मी गेज घेऊन शाळेत येईन.